बोलिंगचा स्कोअर आधी हातानं लिहायला शिका, मग लीगचं ॲव्हरेज आणि हँडिकॅप

पिना पाडायच्या बोलिंगमध्ये स्क्रीनवर स्कोअर आपोआप येतोय की, मग शिकायचं कशाला, असं नवीन आलेला प्रत्येक जण विचारतोच. नुसतं रविवारी पोरांना घेऊन जाऊन दोन गेम टाकून यायचं असेल तर खरंच नका शिकू, मशीन बघून घेईल. पण एकदा का चारपाच जणांची लीग चालू झाली, दर आठवड्याला तीन तीन गेम, टीमा पडल्या, की मग "माझे शंभर असून तू कसा जिंकलास" हे सुरू होतं आणि तिथं स्क्रीन उत्तर देत नाही. आमच्या इथं कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क अशी सगळीकडची मंडळी मिळून एक छोटी लीग चालवतो, तिची वही माझ्याकडं असते, त्यामुळं हे सगळे प्रश्न मला तोंडपाठ झालेत. म्हणून एकाच खेळाडूचा एक गेम घेऊन पहिल्या बॉलपासून हँडिकॅपच्या, म्हणजे कच्च्या खेळाडूला वरनं काही पिना देऊन खेळायच्या, मॅचपर्यंत जाऊया. त्याला आपण दाजी म्हणू, कारण प्रत्येक लीगमध्ये एक दाजी असतातच.

आधी फ्रेम म्हणजे काय ते

एका गेममध्ये दहा फ्रेम. प्रत्येक फ्रेमला समोर दहा पिना आणि त्या पाडायला जास्तीत जास्त दोन बॉल. पहिल्याच बॉलला दहाच्या दहा पडल्या तर तो स्ट्राईक, मग दुसरा बॉल टाकायचाच नाही, फ्रेम संपली. दोन बॉल मिळून दहा पडल्या तर स्पेअर. दोन बॉल टाकून पण काहीतरी उभं राहिलं तर ती ओपन फ्रेम, जेवढ्या पडल्या तेवढेच मार्क, पुढं काही मिळत नाही.

स्क्रीनवर किंवा कागदावर स्ट्राईकला X लिहितात, स्पेअरला / आणि एकही पिन पडली नाही तर -. म्हणजे "8 /" दिसलं की समजायचं पहिल्याला आठ, दुसऱ्याला उरलेल्या दोन. "9 -" म्हणजे पहिल्याला नऊ आणि दुसरा बॉल एक तर लेनच्या कडेच्या गटरमध्ये गेला नाहीतर उरलेल्या पिनेच्या शेजारनं निघून गेला.

आता सगळा घोळ ज्या दोन ओळींमुळं होतो त्या ओळी:

स्पेअरचे मार्क = १० + पुढच्या एका बॉलला पडलेल्या पिना.
स्ट्राईकचे मार्क = १० + पुढच्या दोन बॉलला पडलेल्या पिना.

लक्षात घ्या, पुढचे दोन "बॉल" म्हटलंय, पुढच्या दोन "फ्रेम" नाही. पुढचा बॉल पण स्ट्राईक पडला तर तो एकच बॉल झाला, दुसरा बॉल त्याच्या पुढच्या फ्रेममधनं घ्यायचा. नवीन माणूस इथंच अडकतो.

आणि म्हणूनच स्ट्राईक मारल्यावर चौकट रिकामी ठेवायची असते. दुकानातल्या उधारीच्या वहीत माल नेल्याची नोंद आज होते आणि आकडा हिशेब झाल्यावर चढतो, तसंच इथं X आज लिहायचा आणि बेरीज दोन बॉल पडून गेल्यावर. स्क्रीनवर स्ट्राईक मारला तरी टोटल हलत नाही, तेव्हा "मशीन बंद पडलं" म्हणून काउंटरवर जाणारी माणसं मी बघितलीयत. मशीन ठीक असतं, ते पुढच्या बॉलची वाट बघत असतं.

दाजींचा एक गेम, बॉल बॉल करून

वही आणि पेन घ्या. वाचून डोक्यात बसत नाही, लिहून बसतं.

पहिली फ्रेम: ७ आणि २. ओपन. चौकटीत लगेच ९.

दुसरी फ्रेम: पहिल्या बॉलला ८, दुसऱ्याला उरलेल्या दोन्ही. स्पेअर. इथं १९ लिहायचा हात शिवशिवतो, लिहू नका. खाली चौकट रिकामी.

तिसरी फ्रेम: स्ट्राईक. दाजी मागं वळून हात वर करून उभे. आता दुसऱ्या फ्रेमचा स्पेअर ज्या एका बॉलची वाट बघत होता तो मिळाला, त्याला दहा पडल्या, म्हणून दुसरी फ्रेम १० + १० = २०, टोटल ९ + २० = २९. तिसऱ्या फ्रेमची चौकट अजून रिकामीच.

चौथी फ्रेम: परत स्ट्राईक. आता तिसऱ्याला एक बॉल मिळाला पण त्याला दोन पाहिजेत. त्यामुळं दोन स्ट्राईक मारून सुद्धा टोटल २९ च दिसतोय. दाजी आता स्क्रीनकडं संशयानं बघतायत.

पाचवी फ्रेम: पहिल्या बॉलला ६. हा बॉल पडल्या पडल्या तिसरी फ्रेम सुटली, १० + १० + ६ = २६, टोटल ५५. दुसऱ्या बॉलला ३. आता चौथी सुटली, १० + ६ + ३ = १९, टोटल ७४. पाचवी स्वतः ओपन, ९ मार्क, टोटल ८३. बघा, दोन बॉलमध्ये तीन चौकटी भरल्या. ह्या दोन बॉलना फक्त नऊ पिना पडल्यात पण टोटल २९ वरनं ८३ वर गेलाय.

सहावी: ९ आणि -. टोटल ९२.

सातवी: ५ आणि स्पेअर. रिकामी.

आठवी: पहिल्याला ७, दुसरा गटरला. सातवी १० + ७ = १७, टोटल १०९. आठवी ७, टोटल ११६.

नववी: स्ट्राईक. रिकामी, कारण पुढचे दोन बॉल दहाव्या फ्रेममध्ये आहेत.

दहावी: ८, मग स्पेअर, मग एक जादा बॉल मिळाला त्याला ६. नववी १० + ८ + २ = २०, टोटल १३६. दहावी ८ + २ + ६ = १६, टोटल १५२.

वहीत हे असं दिसतं:

```
१     २     ३     ४     ५     ६     ७     ८     ९     १०
7 2   8 /   X     X     6 3   9 -   5 /   7 -   X     8 / 6
९     २९    ५५    ७४    ८३    ९२    १०९   ११६   १३६   १५२
```

बरोबर आलं की नाही ते तपासायची एक सोपी युक्ती आहे, ती मी प्रत्येक वादात वापरतो. आधी खरोखर पडलेल्या पिना मोजायच्या, बोनस बिनस सगळं विसरून, फक्त शेवटचा जादा बॉल धरायचा. दाजींच्या गेममध्ये ९, १०, १०, १०, ९, ९, १०, ७, १० आणि दहाव्या फ्रेमचे १६, एकूण १००. मग फक्त बोनस वेगळे लिहायचे: दुसऱ्या फ्रेमचा १०, तिसऱ्याचा १६, चौथ्याचा ९, सातव्याचा ७, नवव्याचा १०, एकूण ५२. शंभर आणि बावन्न, १५२. दोन्ही बाजूनं आकडा जुळला की भांडण बंद.

दहाव्या फ्रेमचं प्रकरण

दहावी फ्रेम वेगळी असते कारण तिच्यापुढं फ्रेम नाही, मग बोनसचे बॉल कुठनं आणायचे, तर तिथल्या तिथंच टाकायला देतात. पहिल्या बॉलला स्ट्राईक मारला तर अजून दोन बॉल, स्पेअर केला तर अजून एक, आणि ओपन राहिली तर दोन बॉलवर गेम संपला, हातातला बॉल रॅकवर ठेवायचा.

लोकांची चूक अशी होते की जादा बॉलचे मार्क ते दोनदा धरतात. समजा दहाव्यात X, 7, 2 पडलं. काही जण म्हणतात स्ट्राईकचे १० + ७ + २ = १९, आणि परत पुढचे ७ आणि २ आहेतच, म्हणून २८. नाही भावा. ते दोन बॉल फक्त स्ट्राईकचा बोनस म्हणूनच दिलेत, त्यांची स्वतःची वेगळी फ्रेम नाही. दहाव्या फ्रेममध्ये तीन बॉलला जे पडलं त्याची साधी बेरीज करायची, एवढंच, १९. म्हणून दहाव्यात जास्तीत जास्त ३० मिळतात, आणि बाराच्या बारा बॉल स्ट्राईक पडले तर दहा फ्रेमचे प्रत्येकी ३० धरून ३००, त्याच्यावर काही नाही.

दुसरी चूक नवव्या फ्रेमची. नवव्याला स्ट्राईक असला तर बोनसला दहाव्याचे पहिले दोनच बॉल धरायचे, तिसरा नाही. दाजींच्या वेळेला तिसऱ्या बॉलचे ६ पण नवव्याला जोडायचा आग्रह झाला होता, तसं केलं तर १५८ होतात, आणि ते सहा मार्क कुणाच्याच बापाचे नाहीत.

एक पिन किती मार्काची असते

हे समजलं की खेळायची पद्धतच बदलते, म्हणून जरा थांबून बघा. दाजींच्या पाचव्या फ्रेममध्ये ६ आणि ३ पडले, एक पिन उभी राहिली. समजा ती पडली असती, म्हणजे ६ आणि स्पेअर. तर चौथ्या फ्रेमच्या स्ट्राईकचा बोनस ९ ऐवजी १० झाला असता, एक मार्क तिथं वाढला. पाचवी फ्रेम ९ ऐवजी १० + पुढच्या बॉलचे ९ = १९ झाली असती, दहा मार्क इथं वाढले. एकूण अकरा. १५२ चे १६३ झाले असते, एका पिनेनं.

म्हणून नवीन पोरं सगळी ताकद स्ट्राईकवर लावतात आणि दुसरा बॉल असाच फेकून देतात ना, त्यांचा स्कोअर शंभर सव्वाशेच्या पुढं सरकत नाही. एकही स्ट्राईक न मारता नुसते प्रत्येक फ्रेमला ९ आणि स्पेअर करत गेला आणि शेवटच्या जादा बॉलला पण ९ पाडल्या तर १९० होतात, करून बघा बेरीज. १९० म्हणजे आपल्याकडच्या हौशी लीगमध्ये लोक उठून टाळ्या वाजवतील.

हाताला सवय लागावी म्हणून अजून एक गणित देतो: एक फ्रेम स्ट्राईक, एक फ्रेम स्पेअर, परत स्ट्राईक, असं आलटून पालटून शेवटपर्यंत, आणि दहाव्यात स्पेअरनंतरच्या जादा बॉलला स्ट्राईक. प्रत्येक फ्रेम वीसची होते आणि बरोबर २०० येतात, मग स्पेअरचा पहिला बॉल कितीचाही असो. तुमच्या कागदावर २०० नाही आले तर कुठंतरी फ्रेम आणि बॉल ह्यात गल्लत झालीय.

मशीन कुठं चुकतं

मशीन बेरीज चुकत नाही, पिना मोजायला चुकतं. कॅमेरा किंवा सेन्सर उभ्या पिना बघतो, आणि एखादी पिन जागेवरनं सरकून बाजूला उभी राहिली तर ती पडली असं धरलं जाऊ शकतं. सरकलेली पिन उभी असेल तर ती उभीच. तसंच बॉलनं नाही तर मशीनच्या हातानं पिन पाडली तर ती पडली म्हणून धरायची नाही, परत उभी करायची. मागच्या गादीवर आपटून बॉल उलटा आला आणि त्यानं पिन पाडली तर ती पण चालत नाही. पण पडलेल्या पिनेनं दुसरी पिन पाडली तर ती चालते, भिंतीवरनं उडून आलेल्या पिनेनं पाडली तरी चालते. त्यामुळं बॉल टाकून लगेच पाठ फिरवायची नाही, पिना उचलल्या जायच्या आधी समोर किती उभ्या आहेत ते स्वतः मोजायचं, आणि फरक असेल तर त्याच वेळेला काउंटरवर सांगून आकडा बदलून घ्यायचा. दोन फ्रेमनंतर सांगितलं तर मागच्या स्ट्राईक स्पेअरचे बोनस पण बदलतात आणि मग कुणाला काय आठवतंय ह्याच्यावर गोष्ट जाते.

फाऊलचं पण एक सांगून ठेवतो. बॉल सोडताना किंवा सोडल्यावर पाय रेषेला लागला किंवा पुढं गेला तर तो बॉल टाकला असं धरतात पण त्याचे मार्क शून्य. पहिल्या बॉलला फाऊल झाला तर दहाच्या दहा पिना परत उभ्या करतात, आणि दुसऱ्या बॉलला सगळ्या पाडल्या तर तो स्पेअर, स्ट्राईक नाही. हौशी लीगमध्ये बऱ्याच जागी फाऊलचा बजर बंदच असतो, तेव्हा फाऊल धरायचा की नाही हे सीझनच्या आधी ठरवा, फायनलला नको.

ॲव्हरेज: पिना भागिले गेम, आणि बाकी काही नाही

आता लीग. दाजींनी पहिल्या रात्री तीन गेम टाकले: १५२, ११८, १३१. एकूण ४०१ पिना. ४०१ भागिले ३ म्हणजे १३३ पूर्णांक काहीतरी. ते काहीतरी सोडून द्यायचं. बोलिंगमध्ये ॲव्हरेजचा दशांश कापायचा असतो, वर खाली करायचा नसतो, १३३.६६ असलं तरी १३३ च.

दुसऱ्या आठवड्यात १०९, १४०, १२६, म्हणजे ३७५. आता काय करायचं, तर सुरुवातीपासूनच्या सगळ्या पिना आणि सगळे गेम घ्यायचे: ४०१ + ३७५ = ७७६, भागिले ६, म्हणजे १२९.३३, लिहायचं १२९.

वहीत म्हणून प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे जपायचे, एकूण पिना आणि एकूण गेम. ॲव्हरेज हा ह्या दोघांतनं काढायचा आकडा आहे, तो जपायचा आकडा नाही. हे मी एवढं ठासून सांगतोय कारण बरेच जण मागचं ॲव्हरेज आणि ह्या आठवड्याचं ॲव्हरेज घेऊन दोननं भागतात. रोज सगळे तीन तीन गेम खेळले तर त्यात फार फरक दिसत नाही, म्हणून चूक लपून राहते. पण समजा एका वहिनींनी पहिल्या आठवड्यात तीन गेममध्ये ३९० केले, म्हणजे १३०, आणि दुसऱ्या आठवड्यात घरी पाहुणे आले म्हणून एकच गेम टाकून गेल्या, ९८. दोन ॲव्हरेजची सरासरी काढली तर ११४ येते. खरा हिशेब ४८८ भागिले ४, म्हणजे १२२. आठ पिनांचा फरक पडला, आणि त्यातल्या बहुतेक पिना हँडिकॅपमधनं समोरच्या टीमच्या डोक्यावर जाऊन बसतात.

ॲव्हरेजमध्ये फक्त खऱ्या पाडलेल्या स्कोअरचा हिशेब धरायचा, त्याला स्क्रॅच म्हणतात. हँडिकॅप मिळवलेला आकडा चुकून ॲव्हरेजमध्ये गेला तर पुढच्या आठवड्यात ॲव्हरेज एकदम फुगलेलं दिसतं आणि हँडिकॅप कोसळतो. असं कुणाचं दिसलं की पहिल्यांदा हेच तपासा. काही ठिकाणची स्क्रीन हँडिकॅप धरूनच टोटल दाखवते, तिथनं फोटो काढून वहीत उतरवताना हे हमखास होतं.

अजून एक, सगळे गेम एकाच प्रकारच्या लेनवरचे असावेत. बऱ्याच ठिकाणी आता पिनांना वरनं दोरी बांधलेली असते, दोरी ओढून मशीन पिना उचलतं, आणि दोरीमुळं पिना सुट्या पिनांसारख्या उडत, लोळत नाहीत. अमेरिकेतली युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस पण दोरीच्या पिनांचं बोलिंग वेगळा प्रकार धरते. कुणी पुण्या-मुंबईला सुट्या पिनांवर केलेलं ॲव्हरेज घेऊन आला तर ते आपल्या दोरीच्या लेनवर तसंच्या तसं लावू नका.

हँडिकॅप

लीगमध्ये दाजींसारखा १२९ वाला आणि वर्षानुवर्षं खेळणारे १७६ ॲव्हरेजचे एक काका समोरासमोर आले तर निकाल आधीच ठरलेला. म्हणून कमी ॲव्हरेजवाल्याला वरनं काही पिना देतात, तो हँडिकॅप. सूत्र असं:

हँडिकॅप = (बेस − ॲव्हरेज) चे ठरलेले टक्के, दशांश कापून.

बेस आणि टक्के लीग स्वतः ठरवते. आमच्यात बेस २०० आणि टक्के ९०. मग दाजींचा: २०० − १२९ = ७१, त्याचे ९० टक्के ६३.९, कापून ६३. काकांचा: २०० − १७६ = २४, ९० टक्के २१.६, कापून २१. इथं पण वर न्यायचं नाही, ६३.९ असलं तरी ६३. दाजी ह्यावर दर वेळेला तोंड वाकडं करतात.

तिसऱ्या आठवड्यात दोघांची गाठ पडली. दुसऱ्या गेमला दाजींचे १२४, काकांचे १६५. स्क्रीन बघून काकांची माणसं शूज सोडायला लागली होती. वहीत: १२४ + ६३ = १८७, आणि १६५ + २१ = १८६. दाजी एका पिनेनं जिंकले. फुकट मिळालं का? नाही. काका स्वतःच्या ॲव्हरेजपेक्षा अकरा पिना कमी खेळले आणि दाजी पाचच पिना कमी खेळले. हँडिकॅपची मॅच म्हणजे कोण स्वतःच्या नेहमीच्या खेळाच्या तुलनेत बरा खेळला त्याची मॅच.

आता ९० टक्केच का, ते बघा. दोघांच्या ॲव्हरेजमध्ये फरक ४७ चा. हँडिकॅपमधला फरक ६३ − २१ = ४२. म्हणजे पाच पिनांचा फायदा काकांकडं राहिला, चांगलं खेळायचं एवढं तरी बक्षीस पाहिजेच. ८० टक्के धरले असते तर दाजींना ५६ आणि काकांना १९, फरक ३७, काकांकडं दहा पिना राहिल्या असत्या आणि ही मॅच काका चार पिनांनी जिंकले असते. शंभर टक्के धरले तर काकांना काहीच फायदा राहत नाही. त्यामुळं नवीन माणसं जास्त असतील तर ९० किंवा १००, आणि मुरलेली जास्त असतील तर ८०, असं माझं मत. पण एकदा ठरलं की सीझनच्या मध्ये हात लावायचा नाही.

बेस ठरवताना लीगमधल्या सगळ्यात भारी खेळाडूच्या ॲव्हरेजपेक्षा तो वर ठेवा. बेस २०० आणि कुणाचं ॲव्हरेज २०८ असेल तर त्याचा हँडिकॅप शून्य होतो, वजा होत नाही, म्हणजे त्या वरच्या आठ पिना त्याला तशाच मिळतात. असा कुणी येणार असेल तर सुरुवातीलाच बेस २१० किंवा २२० करून टाका. बेस वाढवला म्हणून बाकीच्यांमधला फरक बदलत नाही, सगळ्यांचा हँडिकॅप सारखाच वाढतो, कापलेल्या दशांशामुळं एखाद्या पिनेचा फरक पडला तर पडला.

कुठल्या आठवड्याला कुठला हँडिकॅप

ह्यावर आमच्यात सगळ्यात जास्त आवाज चढलेत. नियम सोपा आहे: आज खेळायचा हँडिकॅप हा मागच्या आठवड्यापर्यंतच्या ॲव्हरेजवरनं. आजचे गेम आजच्या हँडिकॅपमध्ये येत नाहीत. वरच्या मॅचला दाजींचे ६३ आले ते दोन आठवड्यांच्या १२९ वरनं. त्या रात्री दाजींनी १६१, १२४, १३९ टाकले, म्हणजे ४२४, एकूण १२०० पिना नऊ गेमला, ॲव्हरेज परत १३३, आणि चौथ्या आठवड्याला हँडिकॅप (२०० − १३३ = ६७ चे ९० टक्के ६०.३) ६०. चांगलं खेळलं की पुढच्या वेळेला तीन पिना गेल्या, असंच चालतं.

मग पहिल्या रात्री काय, तेव्हा तर ॲव्हरेजच नाही. मागच्या सीझनचं ॲव्हरेज असेल तर ते घ्यायचं. अगदी नवीन माणूस असेल तर त्याच रात्रीच्या तीन गेमचं ॲव्हरेज काढून तोच हँडिकॅप त्या रात्रीला लावायचा, ही एकच वेळ जिथं आजचे गेम आज धरतात. इथं एक धोका आहे, कुणी पहिल्या रात्री मुद्दाम गटरला बॉल घालून ॲव्हरेज पाडून ठेवतो आणि पुढं हँडिकॅपवर मजा मारतो. ओळखायचं कसं, तर ज्या गेमचा निकाल आधीच लागलाय तिथं त्याची नववी दहावी फ्रेम बघा, सारखी तिथंच माती होत असेल तर बोला त्याच्याशी. मागच्या सीझनचं ॲव्हरेज वर असेल तर काही आठवडे तेच धरायचं असा नियम केला की हा प्रकार बऱ्यापैकी थांबतो.

कुणी आलाच नाही तर? फुटबॉलचा सीझन चालू झाला की आमची निम्मी लीग शाहू स्टेडियमवर असते, त्यामुळं हा नियम आधी लिहिलेला बरा. गैरहजर खेळाडूच्या नावावर त्याचं ॲव्हरेज वजा १० असा स्कोअर धरायची पद्धत आहे, त्यावर त्याचा हँडिकॅप. दाजी आले नसते तर १२९ − १० + ६३ = १८२. हा स्कोअर टीमच्या टोटलला लावायचा, दाजींच्या पिना आणि गेमच्या रकान्यात टाकायचा नाही, कारण ते खेळलेलेच नाहीत.

एक्सेलमध्ये टाकायचं असेल तर

B रकान्यात एकूण पिना, C मध्ये एकूण गेम, D मध्ये ॲव्हरेज, E मध्ये हँडिकॅप. D2 आणि E2 मध्ये अनुक्रमे हे:

```
=INT(B2/C2)
=MAX(0,INT((200-D2)*90/100))
```

INT च वापरा, ROUND वापरलं तर ६३.९ चे ६४ होतात आणि वही आणि शीट जुळत नाही. MAX मुळं बेसच्या वरच्या खेळाडूला वजा हँडिकॅप लागत नाही. शीट बरोबर चालतंय का बघायला B2 मध्ये 776 आणि C2 मध्ये 6 टाका, १२९ आणि ६३ आले पाहिजेत. आणि B, C मध्ये त्या रात्रीचे आकडे मॅचचा निकाल लिहून झाल्यावरच टाका, आधी टाकले तर E मधला हँडिकॅप मॅच चालू असतानाच बदलून बसतो आणि काकांची माणसं परत शूज घालून लेनवर येतात.